चिमणीतला धूर किती गार करावा?

फर्नेस ऑइलवर चालणाऱ्या बॉयलरच्या चिमणीला एक तापमापक लावलेला असतो आणि त्याचा काटा बहुधा १८० ते २२० अंश सेल्सिअसच्या आसपास दिसतो. एवढी उष्णता हवेत सोडून द्यायची म्हणजे पैसे जाळणेच, असे पाहणाऱ्याला वाटते. हिशेबाने ते खरेही आहे. धूर आणखी वीस-बावीस अंशांनी गार करता आला, तर इंधनात साधारण एक टक्का बचत होते. ताशी ५ टन वाफ देणारा बॉयलर तासाला सुमारे ३७० किलो तेल खातो. त्याचा धूर २२० अंशांवरून १२० वर आणला, तर दिवसाला चारशे किलोंहून जास्त तेल वाचेल. तरीही अनुभवी माणूस हा मोह आवरतो, कारण तेलात गंधक असते.

आपल्याकडच्या फर्नेस ऑइलमध्ये साडेतीन-चार टक्क्यांपर्यंत गंधक असू शकते. ते जळले की बहुतेक सगळ्याचा सल्फर डायऑक्साइड होतो, आणि धातूपुरता विचार केला तर तो फारसा त्रास देत नाही. त्रास देतो तो उरलेला थोडासा भाग. शंभरातला एखाद-दुसरा रेणू आणखी एक ऑक्सिजन घेऊन सल्फर ट्रायऑक्साइड बनतो. जास्तीची हवा त्याला मदत करते. तेलातले व्हॅनेडियम नळ्यांवर राखेच्या थराने बसते, तेही ही क्रिया वाढवते. धूर जसा गार होतो, तसा हा ट्रायऑक्साइड धुरातल्या पाण्याच्या वाफेशी जुळून गंधकाम्लाची वाफ होतो. वायुरूपात असेपर्यंत ती नळ्यांना इजा करत नाही. ज्या तापमानाला तिचा पहिला थेंब पृष्ठभागावर धरतो, त्याला आम्ल दवबिंदू म्हणतात.

आता आकडे मांडून पाहू. साडेतीन टक्के गंधकाचे एक किलो तेल थोड्या जास्तीच्या हवेत जाळले, तर धुरात सल्फर डायऑक्साइड दहा लाखांत सुमारे १,८०० भाग येतो. त्यातला एक टक्क्याहून किंचित जास्त पुढे गेला, तर ट्रायऑक्साइड भरतो दहा लाखांत अवघा वीस भाग. पाण्याची वाफ असते सुमारे दहा टक्के. नुसत्या पाण्याचा विचार केला, तर असा धूर ४६-४७ अंशांपर्यंत गार करेपर्यंत ओल धरणार नाही. पण त्या वीस भागांमुळे पहिला थेंब सुमारे १४४ अंशांनाच पडतो. इतक्या क्षुल्लक प्रमाणाने दवबिंदू जवळजवळ शंभर अंशांनी वर जातो. गंधकाम्ल पाण्याला घट्ट धरून ठेवते आणि स्वतः सहजासहजी वाफ होऊन उडत नाही, म्हणून हे घडते. पडणारा थेंबही सौम्य नसतो. त्यात तीन-चतुर्थांशाहून अधिक आम्लच असते.

याच गणिताची दुसरी बाजू अनेकांच्या लक्षात येत नाही. ट्रायऑक्साइड वीसवरून दहा भागांवर आणला, तरी दवबिंदू फक्त सातेक अंशांनी उतरतो. म्हणजे निम्म्या गंधकाचे तेल आणले म्हणून धूर मनसोक्त गार करता येईल, असे होत नाही.

हा दवबिंदू प्रत्यक्ष मोजण्याची युक्ती अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात एच. एफ. जॉनस्टन यांनी १९२९ मध्ये मांडली. धुरात धरलेल्या पृष्ठभागावर दोन विद्युत-टोके ठेवायची आणि तो पृष्ठभाग हळूहळू गार करायचा. आम्लाचा पातळ थर बसला की टोकांमधून वीज वाहू लागते. त्या क्षणीचे पृष्ठभागाचे तापमान हाच दवबिंदू. मला या युक्तीतली गोष्ट फार मोलाची वाटते ती अशी, की ती तापमान धुराचे मोजत नाही, पृष्ठभागाचे मोजते. उन्हाळ्यात थंड पाण्याच्या तांब्याला घाम सुटतो, तेव्हा खोलीतली हवा गरमच असते. इथेही तेच लागू आहे.

म्हणून चिमणीवरचा काटा फसवतो. समजा, बॉयलरमागे इकॉनॉमायझर बसवला आहे. बाहेर जाणारा धूर नळ्यांवरून जातो आणि नळ्यांतून बॉयलरला जाणारे पाणी तापते. धूर २४० अंशांना आत येतो, १८० ला बाहेर पडतो. १८० म्हणजे १४४ च्या बराच वर, तेव्हा सगळे सुरक्षित, असे वाटते. पण पाणी धातूतली उष्णता जितक्या वेगाने ओढून घेते, तितक्या वेगाने धूर ती देऊ शकत नाही. त्यामुळे नळीचा धातू पाण्याच्या तापमानाला चिकटून राहतो. टाकीतले ६० अंशांचे पाणी सरळ आत सोडले, तर त्या टोकाची नळी ७० अंशांच्या आसपास असते. तिच्यावरून १८० अंशांचा धूर वाहत असला, तरी तिला लागून असलेला धूर आम्ल सोडतोच.

मग डीएरेटरमधले १०५ अंशांचे पाणी दिले तर? इथे मला सावध करावेसे वाटते. गंज सर्वांत जोरात चालतो तो दवबिंदूच्या वीस ते चाळीस अंश खाली, म्हणजे आपल्या उदाहरणात १०५ ते १२५ अंशांच्या पट्ट्यात. आम्ल भरपूर बसते आणि धातूही गरम असतो. डीएरेटरचे पाणी नळीला नेमके त्या पट्ट्यात नेऊन ठेवते. जास्त गंधकाच्या तेलावर इकॉनॉमायझरला १३५-१४० अंशांच्या पुढचे पाणी लागते. त्यासाठी इकॉनॉमायझरमधून तापून निघालेले पाणी थोडे मागे फिरवून आत येणाऱ्या पाण्यात मिसळतात. रात्री भार उतरला आणि धूरच कमी झाला, की बगलेच्या मार्गाने धूर इकॉनॉमायझरला वळसा घालून काढतात. चिमणीच्या पत्र्यावर उष्णतारोधक लेप चढवतात, नाहीतर वरच्या टोकाशी तो पत्राच थंड पडतो. आणि बर्नरची जास्तीची हवा आवरतात, काजळी धरू लागणार नाही इतपतच.

हे चुकले, तर पहिली खूण ओढीत दिसते. आम्ल, काजळी आणि राख मिळून चिकट थर बसतो, वाट अरुंद होते आणि धूर ओढायला पंख्याला जोर लागतो. बॉयलर बंद करून झाकण उघडले, तर पाणी आत येते त्या टोकाच्या नळ्यांवर हिरवट-पांढरा, ओलसर पापुद्रा आढळतो. ते लोखंडाचे सल्फेट. थोडे खरवडून पाण्यात टाकले, तर निळा लिटमस लगेच लाल होतो. आजूबाजूच्या गाड्यांच्या रंगावर काळे, चरचरीत ठिपके पडू लागले, तर चिमणीच्या आतल्या बाजूची आम्लात भिजलेली काजळी सुटून पडत आहे असे समजावे. नळीला भोक पडले, की पाण्याचा खप वाढतो.

बॉयलर पावसाळ्यात बंद ठेवायचा असेल, तर हा थर तसाच ठेवू नये. तो हवेतला ओलावा ओढतो आणि आग नसतानाही धातू खात राहतो. सोडा ॲशच्या पाण्याने धुऊन, धुवणीची आम्लता गेल्याची खात्री करून नळ्या पूर्ण वाळवाव्या लागतात.

सगळ्याच इंधनांना हे बंधन सारखे नाही. साखर कारखान्यातल्या बगॅसमध्ये गंधक जवळजवळ नसतेच. आपल्या देशी कोळशात ते साधारण अर्धा टक्का असते आणि राखेतला अल्कधर्मी भाग थोडे आम्ल शोषून घेतो. नैसर्गिक वायूत गंधक नगण्य, म्हणून तिथे धूर पंचावन्न अंशांखाली नेऊन त्यातल्या पाण्याची वाफही द्रव करून तिची उष्णता मिळवता येते. अडचण येते ती दोन्ही इंधनांवर चालणाऱ्या बर्नरवर. वायूवर चालताना ठरवलेले इकॉनॉमायझरच्या पाण्याचे तापमान तेलावर परतताना बदलावे लागते, आणि तेही बर्नर पेटवण्याआधी.