एका जेवणाचा लिलाव

अमेरिकेतले गुंतवणूकदार वॉरन बफे यांच्यासोबत जेवण करण्याचा मान 2000 सालापासून लिलावात निघत असे. 2003 पासून तो ईबेवर होऊ लागला. जून 2022 मधला लिलाव पाहिला, तर लिलावाच्या जाहीर सूचनेत काय काय असावं लागतं ते नेमकं कळतं.

वस्तू कोणती, तर न्यूयॉर्कच्या ‘स्मिथ अँड वॉलेन्स्की’ या हॉटेलात दुपारचं जेवण. जिंकणाऱ्याने सोबत सात पाहुणे आणावेत, बफेंना काहीही विचारावं. फक्त पुढची गुंतवणूक कशात करणार, हे विचारायचं नाही. काय मिळेल आणि काय मिळणार नाही, दोन्ही आधीच सांगितल्यामुळे नंतर तक्रारीला जागा उरत नाही.

बोलीची सुरुवात 25 हजार डॉलरपासून. बोली लावण्याआधी आपली ऐपत पटवून नाव मंजूर करून घ्यावं लागे. ही अट नसेल, तर कुणीही गंमत म्हणून मोठा आकडा लावतो आणि पैसे भरायच्या वेळी गायब होतो. तोवर खरे ग्राहक निघून गेलेले असतात.

ईबेवर आपली कमाल रक्कम गुप्तपणे नोंदवता येते. यंत्रणा ती लगेच पूर्ण वापरत नाही. समोरच्याच्या बोलीपेक्षा ठरलेल्या एका टप्प्याने पुढे राहील एवढीच बोली आपल्या वतीने लावते. मोठ्या रकमांसाठी हा टप्पा 100 डॉलरचा असतो. समजा तुमची मर्यादा 50 हजारांची आहे आणि दुसऱ्याची 40 हजारांची. तर वस्तू तुम्हाला 40 हजार 100 ला मिळते. मुंबईत जन्मलेले मोहनीश पबराय आणि त्यांचे मित्र गाय स्पायर यांनी 2007 मध्ये हे जेवण जिंकलं, ते 6 लाख 50 हजार 100 डॉलरला.

2022 चा लिलाव रविवारी सुरू होऊन शुक्रवारी संध्याकाळी संपला. ईबेवर घड्याळ थांबलं की बोली बंद, म्हणून अनेकजण शेवटच्या काही सेकंदांपर्यंत दबा धरून बसतात. हे टाळायचं असेल, तर ‘शेवटच्या पाच मिनिटांत नवी बोली आली तर मुदत पाच मिनिटांनी वाढेल’ असा नियम काही लिलावांत ठेवतात. मात्र तो आधीच छापलेला हवा. ऐनवेळी वाढवलेल्या मुदतीमुळे संशय येतो.

शेवटची बोली होती 1 कोटी 90 लाख 100 डॉलरची. जिंकणाऱ्याचं नाव गुप्तच ठेवण्यात आलं. पैसे कुठे जाणार, हे मात्र पहिल्या दिवसापासून उघड होतं: सॅन फ्रान्सिस्कोतली ‘ग्लाइड’ ही संस्था, जी बेघर आणि गरीब लोकांना जेवण, निवारा आणि आरोग्यसेवा पुरवते. बफेंच्या पहिल्या पत्नी सूझी तिथे स्वयंसेवक होत्या. त्यांच्यामुळेच बफे या संस्थेशी जोडले गेले.

आपल्याकडे मंडळाच्या किंवा शाळेच्या मदतीसाठी लिलाव होतो, तेव्हा सूचनेत ‘रक्कम समाजकार्यासाठी’ एवढंच लिहिलेलं पुष्कळदा दिसतं. तेवढ्याने भागत नाही. संस्थेचं नाव, काम, आणि आलेली सगळी रक्कम तिला जाणार की खर्च वजा जाता उरलेली, हे बोली सुरू होण्याआधी लिहिलेलं असावं. नसेल, तर आयोजकांना विचारून मगच बोली लावावी.