पहिल्या पानावरचं बिल

समजा, पुण्यात बाणेरला नवरा-बायको मिळून केटरिंगचा छोटा व्यवसाय चालवतात. हिंजवडीतल्या एका कंपनीने त्यांना रोजच्या दुपारच्या जेवणासाठी प्रपोजल मागितलं. त्यांनी चौदा पानं लिहिली. मेनू, वाढपी, स्वच्छता, एफएसएसएआयचा परवाना, दर, अटी असं सगळं त्यात आलं. वर एक पानी सारांश जोडला. अ‍ॅडमिनच्या बाईंना जेवण आवडलं होतं, पण खर्च मंजूर करणं त्यांच्या एकटीच्या हातात नव्हतं. त्यांनी कागद परचेस, अकाउंट्स आणि वरच्या साहेबांकडे पाठवले. या मंडळींनी ना जेवण चाखलेलं असतं, ना केटररला पाहिलेलं असतं, आणि त्यातले बरेचजण पहिलंच पान वाचतात. शंका आली तर विचारायला समोर कोणी नसतं. म्हणून ते पान एकट्याने उभं राहील असं लिहावं लागतं.

बहुतेक सारांश व्यवसायाच्या ओळखीने सुरू होतात: घरगुती चव, उत्तम दर्जा, इतक्या वर्षांचा अनुभव. स्पर्धकाच्या पानावरही हेच असतं. त्याऐवजी कंपनीने पहिल्या भेटीत सांगितलेली अडचण तिच्याच शब्दांत लिहावी: 'जवळपास जेवायची सोय नाही, लोक बाहेर जातात आणि परतायला सव्वा तास लागतो.' त्याखाली आपण काय करणार, ते दोन ओळींत. एवढं पुरे.

खरी कसोटी पैशांची. आपल्या केटररच्या सारांशात लिहिलं होतं, 'ताटाला १२० रुपये.' नवव्या पानावर आणखी दोन गोष्टी होत्या: रोज किमान ९० ताटांचं बिल होईल आणि जीएसटी वेगळा. कंपनीत सोमवारी आणि शुक्रवारी साधारण ६० माणसं येतात, मधले तीन दिवस ११०. म्हणजे आठवड्याला ४५० आणि चार आठवड्यांत १,८०० ताटं. पहिलं पान वाचणारा अकाउंटंट हिशेब करतो: २,१६,००० रुपये.

प्रत्यक्षात सोमवार-शुक्रवारी ९० ताटांचे पैसे लागतात. बिलातली ताटं होतात २,०४०, रक्कम २,४४,८०० आणि ५ टक्के जीएसटी धरून २,५७,०४०. अशा जेवणावरच्या जीएसटीचं क्रेडिट कंपनीला सहसा मिळत नाही, त्यामुळे तोही खर्चच. ४१,०४० रुपयांचा हा फरक पहिल्या बिलात उघडा पडतो आणि अट लेखी दिलेली असूनही केटररने ती लपवली असंच वाटतं. माझ्या मते हा समज चुकीचाही नाही. जी अट बिलाची रक्कम बदलते, तिची जागा पहिल्याच पानावर आहे.

ती अट कारणासकट सांगावी. स्वयंपाकी आणि गाडी यांचा खर्च ६० ताटांना आणि ११० ताटांना जवळपास तोच राहतो, हे कोणालाही पटतं. शेजारी पर्याय द्यावा: किमान ताटांची अट नको असेल, तर दर १४० रुपये. याच हजेरीला करापूर्वी २,५२,००० होतात. कंपनीला थोडं जास्त पडतं, पण हजेरी घसरली तर झळ केटररला बसते. आता साहेबांपुढे खरी निवड आहे.

पैसे कधी मिळणार, हेही तिथेच हवं. भाजी, गॅस, पगार यांना रोख लागते. बिल महिनाअखेरीस आणि पैसे त्यानंतर ४५ दिवसांनी, असं ठरलं तर एक तारखेच्या जेवणाचे पैसे अडीच महिन्यांनी हाती येतात. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म वा लघु उद्योगाला पैसे देण्याची मुदत लेखी करारानेही ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही, असं २००६चा एमएसएमई विकास कायदा सांगतो. करार नसेल तर मुदत १५ दिवसांची. म्हणून नोंदणीचा उल्लेख आणि '१५ दिवसांत पैसे' ही आपली मागणी एका ओळीत लिहावी. वाटाघाटीत मुदत वाढेल, पण बोलणं तिथून सुरू होईल.

सारांश सगळ्यात शेवटी लिहावा आणि आतला दर बदलला की पुन्हा लिहावा. आत १२० आणि वर जुने ११५ राहिले, तर परचेसवाले ११५च धरून बसतील. मग ते पान प्रपोजल न वाचलेल्या माणसाला द्यावं, कंपनीची हजेरी सांगावी आणि पहिल्या महिन्याचं बिल काढायला लावावं. त्याचा आकडा २,५७,०४० आला नाही, तर पानावर काहीतरी राहिलं आहे.

तळाशी 'आपल्या प्रतिसादाच्या प्रतीक्षेत' लिहून काही हलत नाही. काय ठरवायचं आणि कधीपर्यंत, ते लिहावं: 'दोनपैकी एक दर २० तारखेपर्यंत कळवल्यास पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारपासून जेवण सुरू करू. हे दर ३० दिवस लागू राहतील.'