ऑनलाइन व्यवहार, भाग ६ : पैसे गेले, ऑर्डर दिसेना

नेट बँकिंगने पैसे भरताना ग्राहक दुकानाच्या संकेतस्थळावरून पेमेंट गेटवेकडे आणि तिथून बँकेच्या पानावर जातो. लॉग-इन होते, ओटीपी टाकला जातो, बँक खात्यातून रक्कम वळती करते. त्यानंतर बँक 'व्यवहार यशस्वी' हा निरोप बहुतेक वेळा ग्राहकाच्याच ब्राउझरमार्फत परत पाठवते. पान आपोआप बदलून दुकानाकडे जाते, तेव्हा हा निरोपही त्याच्यासोबत गेटवेपर्यंत पोहोचतो. नेमक्या या टप्प्यावर रेंज गेली, बॅटरी संपली किंवा कंटाळून कोणी टॅब बंद केला, तर निरोप अडकतो. पैसे मात्र त्या पानावर अवलंबून नसतात. 'मागे जाऊ नका, पान रिफ्रेश करू नका' ही सूचना त्यासाठीच असते.

पान कधी बंद झाले यावर बरेच ठरते. ओटीपी देण्याआधी बंद झाले असेल तर रक्कम वळती होत नाही. काही मिनिटांनी ते सत्र बाद होते आणि विषय संपतो. संभ्रम होतो तो ओटीपी दिल्यानंतर आणि दुकानाचे पान उघडण्याआधी. या अवधीत बँकेच्या नोंदीत व्यवहार पूर्ण, गेटवेकडे प्रलंबित आणि दुकानाकडे ऑर्डर बिनपैशांची, अशा तीन वेगळ्या नोंदी एकाच वेळी असू शकतात. तिघांपैकी कोणीही खोटे बोलत नसते.

समजा, सांगलीच्या एका ग्राहकाने पुण्यातील पुस्तकविक्रेत्याकडे ₹1,180 ची ऑर्डर दिली. रात्री 9:42 वाजता ओटीपी टाकला आणि मोबाइलची रेंज गेली. रेंज आल्यावर दुकानाच्या पानावर Payment Pending दिसते, तर बँकेचा संदेश सांगतो की रक्कम खात्यातून गेली. ब्राउझरकडून निरोप न आल्याने गेटवे काही वेळाने थेट बँकेच्या सर्व्हरला विचारतो, 'या क्रमांकाच्या व्यवहाराचे काय झाले?' या चौकशीत ग्राहकाचा फोन मध्ये येत नाही. समजा, 10:05 ला बँकेचे 'यशस्वी' असे उत्तर आले. गेटवे तसे दुकानाच्या सर्व्हरला कळवतो. ऑर्डर अजून जिवंत असेल तर ती पक्की होते. पण दुकानाने पुस्तके पंधरा मिनिटेच राखून ठेवली असतील आणि ऑर्डर रद्द झाली असेल, तर पैसे येऊनही माल मिळत नाही. मग दुकान किंवा गेटवे रक्कम परत करतो. बँकेकडून उत्तरच आले नाही, तर नंतरच्या हिशेब जुळवणीत ही तफावत उघड होते; तोवर ग्राहकाच्या हाती वाट पाहण्याखेरीज फारसे काही नसते.

सर्वात महागात पडते ती घाई. Pending पाहून त्या ग्राहकाने लगेच पुन्हा पैसे भरले असते, तर एकाच ऑर्डरसाठी ₹2,360 गेले असते. जादा ₹1,180 दुकानाने परत केल्यावर खात्यात यायला काही दिवस लागतात. म्हणून आधी नेट बँकिंगमधील खातेउतारा पाहावा. एसएमएस उशिरा येतो, कधी येतही नाही, त्यामुळे त्याच्यावर विसंबू नये. उताऱ्यात रक्कम गेलेली दिसत असेल तर दुकानातील 'माझ्या ऑर्डर' हे पान पुन्हा उघडावे आणि थोडा वेळ थांबावे. वजावट झालीच नसेल, तरच दुसरा प्रयत्न करावा.

तक्रार करताना क्रमांकांचा घोळ होतो. ऑर्डर क्रमांक दुकान ओळखते, पेमेंट आयडी गेटवे ओळखतो आणि उताऱ्यातील संदर्भ क्रमांक बँक ओळखते. दुकानाला नुसता बँकेचा क्रमांक दिला तर शोध लांबतो. ऑर्डर क्रमांक, तारीख, वेळ, रक्कम आणि बँकेचा संदर्भ एकत्र द्यावा. पैसे दुकानाच्या वतीने गेटवेकडे जमा झाले असतील तर परतावा दुकानाकडून निघतो. ते गेटवेपर्यंत पोहोचलेच नसतील तर ती नोंद बँकेला उलटवावी लागते. संपर्क क्रमांक पासबुकावरून किंवा बँकेच्या अधिकृत पानावरून घ्यावा. परताव्यासाठी ओटीपी किंवा पिन मागणारा माणूस बँकेचा नसतो.

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2019 मध्ये फसलेल्या व्यवहारांसाठी मुदती ठरवल्या. कार्डाने किंवा यूपीआयने दुकानाला दिलेले पैसे खात्यातून गेले पण दुकानाला पुष्टी मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत रक्कम आपोआप परत यावी आणि त्यापुढे उशिराच्या प्रत्येक दिवसाला ₹100 भरपाई मिळावी, असा तो नियम आहे. त्या तक्त्यात नेट बँकिंगची वेगळी ओळ नाही, त्यामुळे ₹100 ची मागणी तिथे तशीच लागू होईल असे गृहीत धरता येत नाही. तक्रार मात्र करता येतेच. बँकेने 30 दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर समाधानकारक नसेल, तर cms.rbi.org.in या संकेतस्थळावर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार नोंदवता येते. त्यासाठी बँकेकडे केलेल्या पहिल्या लेखी तक्रारीचा क्रमांक आणि तारीख जपून ठेवावी लागते.