रांगेतल्या पुल रिक्वेस्ट आणि थकलेले डोळे

ऑनलाइन दुकानाच्या सॉफ्टवेअरमधल्या या चार ओळी पाहा. ग्राहकाने वस्तू परत केली की त्याचे पैसे परत पाठवण्याचे काम त्या करतात.

```python
def refund(order, amount):
    if amount <= order.total:
        gateway.refund(order.id, amount)
        order.refunded += amount
```

प्रोग्रामिंग न येणाऱ्यालाही अर्थ लागेल: परत मागितलेली रक्कम ऑर्डरच्या एकूण रकमेपेक्षा जास्त नसेल तर पैसे पाठवा आणि किती पाठवले त्याची नोंद ठेवा. वाचताना सगळे ठीक वाटते. पण हजार रुपयांच्या ऑर्डरवर कोणी आधी सातशे आणि मग पुन्हा सातशे मागितले, तर दोन्ही वेळा अट पूर्ण होते आणि दुकान हजाराच्या ऑर्डरवर चौदाशे रुपये परत करते. `order.total` मधून आधीच दिलेली रक्कम, म्हणजे `order.refunded`, वजा करायची राहून गेली आहे.

ही चूक लिहिलेल्या ओळींत दिसत नाही, कारण ती न लिहिलेल्या गोष्टीत आहे. ती सापडायची तर वाचणाऱ्याला थांबून ‘हेच दुसऱ्यांदा घडले तर?’ असे मनात चालवून पाहावे लागते. थकलेला माणूस नेमके हेच करायचे सोडून देतो.

सॉफ्टवेअर कंपन्यांत नवा कोड थेट मुख्य प्रोग्राममध्ये जात नाही. लिहिणारा आपला बदल ‘पुल रिक्वेस्ट’ म्हणून मांडतो, बोलीत ‘पीआर’. दुसरा सहकारी, म्हणजे रिव्ह्यूअर, तो वाचतो, शंका विचारतो आणि पटले की मंजुरी देतो. त्यानंतर कोड ‘मर्ज’ होतो. पीआर एखाददुसरी असेल तर हे सुरळीत चालते. दहा-पंधरा साचल्या की रिव्ह्यूअर रांग संपवायला बसतो, आणि मग वाचन आणि मंजुरी यांच्यातले अंतर कमी कमी होत जाते.

थकव्याचा हा परिणाम संगणकांच्याही आधीपासून मोजला गेला आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाचे रडार चालवणारे पाणबुड्यांच्या खुणा नजरेतून निसटू देत होते. त्याचे कारण शोधायला नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाने एक घड्याळ बनवले. त्याचा काटा ठरावीक छोट्या उड्या मारी आणि क्वचित कधी तरी दुप्पट उडी घेई. बघणाऱ्याने फक्त ती दुप्पट उडी टिपायची होती. बैठक दोन तासांची होती, पण पहिल्या अर्ध्या तासानंतरच चुकणाऱ्या नोंदी लक्षणीय वाढल्या. हे निष्कर्ष 1948 साली प्रसिद्ध झाले. क्वचित येणारी गोष्ट सलग शोधत राहणे हेच कोड रिव्ह्यूचेही स्वरूप आहे: शेकडो ओळी बरोबर असतात आणि एक चुकीची.

सॉफ्टवेअरमध्ये हा धडा मायकेल फेगन यांनी आणला. आयबीएममध्ये काम करताना 1976 साली त्यांनी कोड तपासणीची शिस्तबद्ध पद्धत मांडली आणि तपासणीची एक बैठक दोन तासांच्या पुढे नेऊ नये असे बजावले, कारण तासा-दोन तासांनंतर चुका सापडणे कमी होते. त्यानंतर तीस वर्षांनी, 2006 मध्ये, सिस्कोच्या एका टीममधल्या सुमारे अडीच हजार रिव्ह्यूंचा अभ्यास स्मार्टबेअर या कंपनीने पुढे आणला. त्यातून तीन आकडे आजही वापरले जातात: एका वेळी 200 ते 400 ओळी, तासाला फार तर 500 ओळींचा वेग, आणि सलग 60 ते 90 मिनिटांपेक्षा जास्त नाही. ही कंपनी रिव्ह्यूचे सॉफ्टवेअर विकते आणि अभ्यास एकाच टीमचा आहे. म्हणून या आकड्यांना नियमाचा दर्जा देऊ नये. दिशा म्हणून मात्र ते फेगन आणि मॅकवर्थ यांच्याशी जुळतात.

एक रांग प्रत्यक्ष सोडवून पाहू. पुण्यातल्या एका टीममध्ये कोड लिहिणारे निम्मे लोक कॅलिफोर्नियात आहेत असे समजा. तिथला दिवस म्हणजे इथली रात्र, त्यामुळे सोमवारी सकाळी रिव्ह्यूअरपुढे नऊ पीआर उभ्या आहेत. पाच छोट्या, मिळून 180 ओळी. एक 220 ओळींची. एक 310 ओळींची, आणि वरचे रिफंडचे फंक्शन त्याच पीआरमध्ये आहे. एक 650 ओळींची आणि एक 1,600 ओळींची. बेरीज 2,960. तासाला 400 ओळी धरल्या तर साडेसात तास, म्हणजे सगळा दिवस. याच हिशोबाने माणूस धास्तावतो आणि सकाळी दहापासून सलग वाचत सुटतो.

आधी पाच-दहा मिनिटे रांग नुसती मोजावी, वाचू नये. गिटहब वापरणाऱ्याला ही कमांड आपल्याकडे आलेल्या पीआर जुन्यापासून नव्यापर्यंत, ओळींच्या संख्येसह दाखवते:

```
gh pr list --search "review-requested:@me sort:created-asc" --json number,title,additions,deletions
```

मोजताना कळते की 1,600 पैकी 1,300 ओळी एका साधनाने आपोआप तयार केलेल्या आहेत. त्या ओळ न् ओळ वाचण्यात अर्थ नाही. त्या कशापासून तयार झाल्या तो मूळ भाग बाकीच्या तीनशे ओळींत आहे, आणि तोच तपासायचा. 650 ओळींच्या पीआरमध्ये दोन कामे मिसळली आहेत: 380 ओळी नुसत्या एका फाइलमधून दुसरीत हलवल्या आहेत आणि 270 ओळींत वागणूक बदलली आहे. लिहिणाऱ्याला लगेच निरोप जातो, ‘कृपया याच्या दोन पीआर करा.’ हा निरोप तासभर वाचून झाल्यावर पाठवला तर तो तास फुकट जातो. पहिल्या पाच मिनिटांत पाठवण्याचा फायदा तोच.

आता उरल्या 1,660 ओळी, म्हणजे चार तासांच्या आतबाहेर. दिवसाला एकेक तासाच्या दोन बैठका धरल्या तर दोन दिवसांचे काम. सोमवारी सकाळी पाच छोट्या पीआर आणि 220 ओळींची, मिळून 400. दुपारी चार वाजता फक्त रिफंडची 310 ओळींची, कारण पैशांचा कोड दुसऱ्या कशाबरोबर वाचायचा नाही. मंगळवारी सकाळी वागणूक बदलणाऱ्या 270 ओळी आणि हलवलेल्या 380. ही बैठक 400 च्या पुढे जाते, पण हलवलेल्या ओळींसाठी `git diff --color-moved` ही कमांड जशाच्या तशा सरकलेल्या ओळी वेगळ्या रंगात दाखवते, त्यामुळे फक्त रंग न बदललेल्या ओळींवर थांबावे लागते. मंगळवारी दुपारी उरलेल्या तीनशे.

यात लेखकांचा खोळंबा होतो का? घड्याळ पाहिले तर उत्तर मिळते. उन्हाळ्यात पुण्यात दुपारचे चार वाजतात तेव्हा कॅलिफोर्नियात पहाटेचे साडेतीन असतात. सकाळी अकराला दिलेला अभिप्राय आणि संध्याकाळी पाचला दिलेला अभिप्राय, दोन्ही तिथल्या माणसाला उठल्यावरच दिसतात. सकाळीच सगळे उरकण्याच्या घाईतून कोणालाच काही मिळत नाही. गूगलने आपल्या अभियंत्यांसाठी लिहिलेल्या मार्गदर्शनातही उत्तर देण्याची कमाल मुदत एक कामाचा दिवस अशी आहे आणि एकाग्रतेने चाललेले स्वतःचे काम रिव्ह्यूसाठी तोडू नये असे सांगितले आहे.

बैठकीची वेळ संपली आणि पीआर अर्धवट राहिली तर काय, हा प्रश्न इथे सर्वांत महत्त्वाचा आहे. गजर वाजला म्हणून मंजुरी देणे ही वेळ बांधण्याची सर्वांत वाईट रीत. वेळ संपली की वाचन थांबते, निर्णय पुढे जातो. गिटहबवर वाचून झालेल्या फाइलसमोर `Viewed` अशी खूण करता येते आणि ती फाइल नंतर बदलली तर खूण आपोआप जाते. `Start a review` ने लिहिलेल्या टिपणी पाठवेपर्यंत फक्त लिहिणाऱ्यालाच दिसतात. त्याबरोबर लेखकाला एक ओळ कळवावी: ‘चाचण्या आणि पहिल्या तीन फाइल पाहिल्या, बाकीचे उद्या सकाळी.’ वाट पाहणाऱ्याला शांततेचा त्रास जास्त होतो, आणि या एका ओळीने आठवण करून देणारे निम्मे निरोप थांबतात.

वेळ उरलेली असतानाही थकवा येऊ शकतो. तो ओळखायच्या खुणा स्वतःच्या टिपणींतच सापडतात. सुरुवातीला रिव्ह्यूअर विचारतो, ‘हे दोनदा बोलावले तर काय होईल?’ तासाभराने तोच लिहू लागतो, ‘इथे एक रिकामी ओळ जास्त आहे’, ‘या व्हेरिएबलचे नाव बदला.’ नजर अजून काम करत असते, पण कोड मनात चालवून पाहणे थांबलेले असते. तीनशे ओळींच्या पीआरवर एकही प्रश्न न विचारता `LGTM`, म्हणजे ‘मला ठीक वाटते’, असे लिहिले गेले, तर ती पीआर खरोखर निर्दोष होती की वाचणारा संपला होता, हे दुसऱ्या दिवशी ताज्या डोळ्यांनी पाहावे.

फाइलींचा क्रमही घातक ठरतो. गिटहब फाइली नावांच्या अक्षरक्रमाने दाखवतो. वरच्या फाइलींवर टिपणी जास्त पडतात आणि तळाच्या फाइलीत चूक निसटण्याची शक्यता वाढते, हे संशोधनातही दिसले आहे. रिफंडचा कोड ज्या फाइलीत आहे तिचे नाव `refund.py` असेल तर ती `api.py`, `cart.py` आणि `models.py` यांच्या खाली येणार. म्हणून क्रम आपण ठरवायचा: आधी पीआरचे वर्णन, मग जिथे पैसे, परवानग्या किंवा डेटा बदलतो ती फाइल, मग बाकी सगळे.

ओळी मोजण्यालाही मर्यादा आहे. एकाच वेळी दोन विनंत्या आल्या तर कुलूप कसे लावायचे हे ठरवणाऱ्या तीस ओळी एक अख्खी बैठक खाऊ शकतात, आणि चाचणीसाठी भरलेल्या नमुना डेटाच्या चारशे ओळी दहा मिनिटांत होतात. गुंतागुंतीच्या पीआरचे वीस-वीस मिनिटांचे तुकडे केले तर दर वेळी संदर्भ नव्याने उभा करण्यातच वेळ जातो. तिथे नव्वद मिनिटांची एक बैठक बरी. चालू सेवा बंद पडली असेल तर तिची दुरुस्ती रांगेत थांबत नाही. ती लगेच पाहायची आणि त्या दिवसाची दुसरी बैठक सोडून द्यायची.

आणि रोज दोन तास देऊनही रांग वाढतच असेल, तर बैठकांची वेळ वाढवून ती आटोक्यात येत नाही. अशा वेळी `CODEOWNERS` नावाची फाइल उघडून पाहावी. कोणत्या फोल्डरचा रिव्ह्यू कोणाकडे जाईल ते तिथे लिहिलेले असते. अनेक टीममध्ये पहिल्या ओळीत एक तारांकित चिन्ह आणि त्यापुढे एकच नाव सापडते, म्हणजे सगळ्या कोडची प्रत्येक पीआर त्या एका माणसाकडे. पेमेंटचा फोल्डर त्याच्याकडे ठेवून बाकीचे फोल्डर आणखी तिघांत वाटले, आणि आपली पीआर मांडण्याआधी दुसऱ्याची एक वाचायची असे टीमने ठरवले, तर सोमवारच्या त्या नऊपैकी जेमतेम दोन-तीन त्याच्यापुढे उरतात.