बिलाखालची बारीक टीप

भाषांतराचं बिल हातात पडलं की नजर आधी एकूण रकमेवर जाते. भांडणं होतात ती मात्र तळाच्या टिपेवरून: 'शब्दसंख्या मूळ इंग्रजी फाइलनुसार. दर शब्दाला अडीच रुपये. दुरुस्तीची एक फेरी दरात धरली आहे; पुढचे काम वेगळे.'

शब्द इंग्रजीतले मोजायचे की मराठीतले? औषधाच्या खोक्यावरचं 'कीप धिस मेडिसिन आउट ऑफ द रीच ऑफ चिल्ड्रन' हे नऊ शब्दांचं वाक्य मराठीत 'हे औषध मुलांपासून दूर ठेवा' असं पाचांत आटोपतं. आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं नामालाच चिकटतात, त्यामुळे मराठी मजकूर शब्दांनी सहसा कमी भरतो. मराठी शब्दांवर पैसे ठरवले, तर नेटकं लिहिणाऱ्यालाच फटका बसतो. 'मुलां पासून' असं तोडून लिहिलं की एक शब्द वाढतो, आणि तसं तोडणारेही भेटतात! मूळ शब्दांचा आकडा काम सुरू होण्याआधीच दोघांसमोर असतो, म्हणून मला तोच हिशेब बरा वाटतो. स्कॅन केलेल्या कागदांचे शब्द संगणकाला थेट मोजता येत नाहीत. तिथे मराठी शब्दांवर बिल करणं सोयीचं पडतं.

समजा, आरोग्य विम्याची एक माहितीपुस्तिका आहे. भाषांतरकार 4,200 शब्द म्हणतो, ग्राहकाच्या पडद्यावर 3,900 दिसतात. खोटं कुणीच बोलत नसतं. वर्डमधल्या शब्दमोजणीच्या चौकटीत Include textboxes, footnotes and endnotes या ओळीपुढची खूण काढलेली असली, की चौकटीतला मजकूर आणि तळटिपा गणतीतून गळतात. विम्याच्या अटी तर नेमक्या तळटिपांतच असतात. 4,200 शब्दांचे 10,500 रुपये झाले.

आता दुरुस्त्या. वाक्य सुटलं, आकडा चुकला, अर्थ उलटा झाला, तर ते कधीही फुकटच दुरुस्त करून द्यायला हवं. त्याला फेरी म्हणू नये. 'प्रीमियम'ऐवजी सगळीकडे 'हप्ता' हवा, ही झाली ग्राहकाची आवड. पहिल्या फेरीत ती दरातच बसते. छपाईच्या तोंडावर पुन्हा 'प्रीमियम'च करा म्हटलं, तर तासाचे पैसे लागतात, कारण नुसता शब्द बदलून भागत नाही: 'हप्त्याची' रक्कम 'प्रीमियमची' होते, प्रत्येक वाक्य पुन्हा वाचावं लागतं. तासाला 500 रुपयांनी दोन तासांचे 1,000. कंपनीने मधेच एक कलम बदललं आणि 400 नवे शब्द आले, तर तेही प्रतिशब्द दराने, म्हणजे आणखी 1,000. बिल 12,500 वर गेलं.

कुरबुर होते ती कंपनीची स्वतःची शब्दसूची काम झाल्यावर आली की. ग्राहक म्हणतो, ही तर दुरुस्तीच! मी तिला नवं काम म्हणेन. सूची पहिल्या दिवशी मिळाली असती, तर तेच शब्द अडीच रुपयांतच बसले असते.