चार चिंचोके आणि दोन बशा

एन्ट्रॉपी म्हणजे अव्यवस्था, हे वाक्य विज्ञान शिकलेल्या बहुतेकांच्या कानावरून गेलेले असते. मला ते कधीच फारसे पटले नाही. अव्यवस्था कशाला म्हणायचे, हे ज्याच्या त्याच्या नजरेवर अवलंबून. माझ्या टेबलावरचा पसारा मला व्यवस्थित वाटतो, घरच्यांना नाही. अशा शब्दावर निसर्गाचा नियम कसा उभा राहणार? ऑस्ट्रियाचे भौतिकशास्त्रज्ञ लुडविग बोल्ट्झमन यांनी १८७७ साली एन्ट्रॉपीला जो अर्थ दिला, त्यात मताला जागाच नाही. त्यांनी फक्त मोजायला सांगितले.

मोजायचे काय? एक पेटी घ्या, मधोमध मनातल्या मनात रेघ ओढून तिचे डावा-उजवा असे दोन कप्पे करा आणि आत वायूचे चारच कण सोडा. त्यांना अ, ब, क, ड म्हणू. प्रत्येक कण एक तर डावीकडे, नाही तर उजवीकडे. म्हणजे एकूण मांडण्या १६. कोणता कण कुठे आहे, हे नावानिशी सांगणारी अशी एकेक मांडणी म्हणजे सूक्ष्मस्थिती. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र कणांची नावे दिसत नाहीत. डावीकडे किती आणि उजवीकडे किती, एवढेच त्याला कळते. ती झाली स्थूलस्थिती. चारही कण डावीकडे, याची मांडणी एकच. तीन डावीकडे आणि एक उजवीकडे, याच्या चार, कारण एकटा पडणारा कण चौघांपैकी कोणीही असू शकतो. दोन-दोनच्या मात्र सहा: डावीकडची जोडी अब, अक, अड, बक, बड किंवा कड. पुढे तोच क्रम उलटा, चार आणि एक.

इथे घटकाभर थांबायला हवे. ‘चारही डावीकडे’ ही मांडणी ‘अब डावीकडे, कड उजवीकडे’ या मांडणीपेक्षा तसूभरही दुर्मीळ नाही. दोन्हींची शक्यता सोळात एक. कणांना समान वाटणीचे प्रेम नाही की पांगण्याची हौस नाही. दोन-दोनची स्थिती जास्त वेळा दिसते ती केवळ तिच्या खात्यावर सहा मांडण्या जमा आहेत म्हणून.

१९०७ साली पॉल आणि तात्याना एरेनफेस्ट या दांपत्याने दोन कुत्रे आणि त्यांच्या अंगावरच्या पिसवा घेऊन याचा एक खेळ मांडला. मी तो चिंचोक्यांवर खेळतो. चार चिंचोक्यांना आकडे द्यायचे, सगळे एका बशीत ठेवायचे, तेच आकडे लिहिलेल्या चार चिठ्ठ्या डब्यात टाकायच्या. जी चिठ्ठी निघेल त्या आकड्याचा चिंचोका आहे त्या बशीतून दुसरीत न्यायचा आणि चिठ्ठी परत डब्यात. चारही चिंचोके पुन्हा पहिल्या बशीत जमायला सरासरी १६ चिठ्ठ्या लागतात. चहा निवेपर्यंत हे एकदा तरी घडतेच. दहा चिंचोक्यांना सरासरी १०२४ चिठ्ठ्या लागतील. शंभर घेतले आणि सेकंदाला एक चिठ्ठी काढली, तर विश्वाच्या आजवरच्या वयाच्या सुमारे तीन लाख कोटी पट वेळ जाईल.

नेमक्या याच मुद्द्यावर १८९६ साली बोल्ट्झमनना घेरण्यात आले होते. गणितज्ञ झेर्मेलो यांचा आक्षेप असा, की बंदिस्त यंत्रणा कधी ना कधी मूळ स्थितीच्या अगदी जवळ परत येते, हे तर सिद्ध झाले आहे. मग एन्ट्रॉपी कमी होत नाही, हा नियम यंत्रशास्त्रातून निघेलच कसा? बोल्ट्झमननी परत येणे नाकारले नाही. त्याला लागणारा काळ किती प्रचंड आहे, ते दाखवून दिले.

एक गंमत सहसा सांगितली जात नाही. कण वाढले की अगदी नेमकी निम्मी-निम्मी वाटणी उलट विरळ होत जाते. चार कणांत तिचा वाटा साडेसदतीस टक्के, शंभरांत जेमतेम आठ. पण एका कप्प्यात ४० ते ६० कण असण्याची शक्यता ९६ टक्क्यांहून अधिक. कण आणखी वाढवा, हा पट्टा एकूण संख्येच्या मानाने आक्रसत जातो. खोलीतल्या हवेत तो इतका बारीक असतो, की दाब मोजणाऱ्या उपकरणाला त्याचा पत्ताही लागत नाही.

व्हिएन्नातील बोल्ट्झमन यांच्या समाधीवर S = k log W हे सूत्र कोरले आहे. W म्हणजे आपण मोजलेल्या मांडण्या. लॉगॅरिथम कशासाठी? अशा दोन पेट्या शेजारी ठेवल्या तर मांडण्यांचा गुणाकार होतो, १६ गुणिले १६. एन्ट्रॉपीची मात्र बेरीज व्हायला हवी. गुणाकाराची बेरीज करणे हे तर लॉगॅरिथमचे कामच. खऱ्या वायूत कणांचे वेगही मोजावे लागतात, पण तापमान तेच राहून वायू दुप्पट जागेत पसरला तर वेगांचा हिशेब बदलत नाही. प्रत्येक कणामागे मांडण्या दुप्पट होतात, इतकेच. त्यावरून एन्ट्रॉपीत जी वाढ निघते, तीच उष्णता आणि तापमान यांच्या जुन्या हिशेबातूनही निघते, कण न मोजता.

चार कणांची पेटी हा नुसता कागदावरचा खेळही नाही. २००२ साली ऑस्ट्रेलियात कॅनबेरा येथे पाण्यातला लेटेक्सचा एक अतिसूक्ष्म मणी प्रकाशाच्या चिमटीत धरून ओढण्यात आला. सेकंद-दोन सेकंदांच्या अवधीत तो अधूनमधून एन्ट्रॉपी घटवताना आढळला. अवधी वाढवत नेला, तशा या उलट्या उड्या कमी होत दिसेनाशा झाल्या.