अंतरपाटाआधीची यादी

लग्नाच्या फोटोग्राफरला ‘सगळ्यांचे ग्रुप फोटो मुहूर्ताआधीच घ्या’ असा निरोप अनेक घरांतून जातो. मराठी लग्नात तो तसाच पाळणे अवघड, कारण अंतरपाट दूर होईपर्यंत वधूवरांनी एकमेकांना पाहायचे नाही, ही प्रथा बरीच घरे पाळतात. म्हणून यादीचे दोन भाग हवेत.

साडेबाराचा मुहूर्त धरू. निरोप असा जावा: ‘११ वाजता वधूच्या खोलीत : वधू व आईवडील, वधू व आजी, वधू व मामा-मामी. ११.२० ला वरपक्षाचे हेच गट वराबरोबर. दोन्ही घरांचा एकत्र फोटो अक्षता पडल्यावर.’ एका गटाला तीन-चार मिनिटे लागतात, त्यामुळे मुहूर्ताआधी प्रत्येक बाजूचे चार-पाच गटच नीट होतात. आजी-आजोबांना पहिले बोलवावे. उभे राहून ते थकतात.

हुकू नयेत असे क्षण वेगळे लिहावेत: गौरीहर पूजणारी वधू, तिला बोहल्यावर आणणारा मामा, अंतरपाट सरकतानाचे दोघांचे चेहरे, कानपिळी. अंतरपाटाच्या वेळी नातेवाईक बोहल्याभोवती दाटतात आणि कॅमेऱ्यासमोर पाठीच येतात. ती जागा मोकळी ठेवायला आधीच कुणाला तरी सांगावे.

फोटोग्राफर आत्या-मावशी ओळखत नाही. दोन्हीकडच्या एकेका माहितगाराचा फोन नंबर निरोपात जरूर द्या.